‘प्रॉपर फॉरमॅटमध्ये पाठवा’ म्हणाले की आधी नमुना मागा

वाशी, सीबीडी बेलापूर, उलवे या पट्ट्यात कंटेनर वाहतुकीची आणि क्लिअरिंगची ऑफिसं खच्चून भरली आहेत. न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे इथल्या पोरापोरींची पहिली नोकरी बऱ्याचदा अशाच एखाद्या ऑफिसात लागते आणि पहिलं काम असतं रिपोर्टचं. रजिस्टरमधून माहिती उचलायची, एक्सेलमध्ये मांडायची आणि पार्टीला पाठवायची. एक्सेल येत असूनही नवी माणसं या कामात अडकतात, कारण पार्टीकडून आलेली मागणी साधारण अशी असते: ‘कंटेनर वाइज डेटा द्या, डेट वाइज, प्रॉपर फॉरमॅटमध्ये. आज संध्याकाळपर्यंत.’

या वाक्यात फॉरमॅटबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र पूर्ण तक्ता उभा असतो. त्यामुळे आपण काहीतरी बनवून पाठवलं की ‘असं नको होतं’ हे उत्तर येतं, आणि कसं हवं होतं ते तरीही कळत नाही. यातून सुटायचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे हव्या असलेल्या फाइलच्या दोन-तीन ओळी त्यांच्याकडूनच भरून घेणं. शिंप्याकडे जाताना आपण मापं सांगत बसत नाही, मापाचा ब्लाउज पुढे ठेवतो, तसंच. फक्त हा नमुना कसा मागायचा, कसा वाचायचा आणि त्यात काय दिसत नाही, हे माहीत असायला हवं.

आधी आपल्याकडचा कच्चा माल निवडा

‘मॅडम, फॉरमॅट पाठवा ना’ असं नुसतं म्हटलं, तर मागच्या वर्षीची कुठलीतरी फाइल येते किंवा कॉलमची नुसती नावं येतात. दोन्हींचा उपयोग अर्धाच होतो. नमुना आपल्याच माहितीवर भरलेला हवा, म्हणजे डावीकडे आपली नोंद आणि उजवीकडे त्यांना हवी असलेली ओळ, अशी जोडी समोर ठेवता येते.

म्हणून रजिस्टरमधल्या दोन-तीन नोंदी निवडा, आणि मुद्दाम अडचणीच्या निवडा. आयात मालासाठी कस्टम्सला दिलेल्या ज्या बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे बीईत, एकापेक्षा जास्त कंटेनर आहेत अशी एक. ज्याचा रिकामा कंटेनर अजून यार्डात परत गेलेला नाही अशी एक. दाखल्यापुरत्या या दोन नोंदी घेऊ (नंबर बनवलेले आहेत):

```
BE No      : 1234567
Containers : ABCU 123456-0 / ABCU 002345-5
Size       : 2x40
Gate Out   : 10-06-2025 22:10 / 11-06-2025 11:00
Empty Ret  : 13-06-2025 09:30 / 13-06-2025 16:00

BE No      : 1234570
Containers : ABCU 310078-7
Size       : 1x20
Gate Out   : 12-06-2025 15:45
Empty Ret  : -
```

सरळसोट नोंदी पाठवल्या तर नमुनाही सरळसोट येतो आणि खरे प्रश्न तसेच राहतात. एका बीईवर एकच कंटेनर असेल, तर ‘कंटेनर वाइज’ आणि ‘बीई वाइज’ तक्ता अगदी सारखा दिसतो. समोरच्याला नक्की कोणता हवा, हे त्या नोंदीवरून कधीच कळणार नाही.

नोंदी निवडताना एवढं पाहा की त्या त्याच पार्टीच्या आहेत. घाईत दुसऱ्या पार्टीच्या ओळी नमुन्यासाठी गेल्या, तर रिपोर्ट बाजूलाच राहील आणि साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहावं लागेल.

मग मागणी करा, एकाच मेसेजमध्ये

नव्या माणसाला वाटतं की असं विचारलं तर आपल्याला काम येत नाही असं दिसेल. म्हणून तो एकतर काहीच विचारत नाही, किंवा मग बारा प्रश्नांची यादी पाठवतो: तारीख कशी हवी, साइज कसा लिहू, बीई नंबर प्रत्येक ओळीत हवा का, टोटल हवी का. ही यादी वाचणाऱ्याला डोकेदुखी वाटते आणि उत्तर येतं, ‘तुम्ही पाठवा तर खरं, मग बघू.’ त्यांच्यासाठी तीन ओळी भरणं हे बारा प्रश्नांची उत्तरं लिहिण्यापेक्षा हलकं काम आहे. मेसेज असा असू शकतो:

‘मॅडम, खाली आमच्या रजिस्टरमधल्या दोन नोंदी दिल्या आहेत. तुम्हाला हव्या असलेल्या फाइलमध्ये या कशा दिसतील, तेवढंच एक्सेलमध्ये भरून पाठवाल का? दोन-तीन ओळीच होतील. बाकीच्या सगळ्या नोंदी मी त्याप्रमाणे करून देतो. आणि ही फाइल पुढे तुम्ही स्वतः बघणार की सिस्टीममध्ये अपलोड होणार, तेही कळवा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. माणूस वाचणार असेल, तर तारखेच्या कॉलममध्ये ‘Pending’ लिहिलेलं चालतं. सॉफ्टवेअर वाचणार असेल, तर त्याच शब्दावर अख्खी फाइल परत येऊ शकते. अपलोडची फाइल असेल तर कोरा टेम्प्लेट पुरत नाही. त्यांच्या सिस्टीमनं पूर्वी स्वीकारलेली एखादी भरलेली फाइल मागा, निदान तिच्या पहिल्या काही ओळी.

‘एक्सेलमध्ये’ हा शब्दही मुद्दाम आहे. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो येतो, तो कॉलमचा क्रम समजायला पुरेसा असतो. पण त्यात दिसणारी तारीख खरोखर तारीख आहे की टाइप केलेला मजकूर, मध्ये एखादा कॉलम लपवलेला आहे का, दोन सेल मर्ज केलेत का, हे फोटोत दिसत नाही.

आलेला नमुना वाचायला शिका

समजा, मॅडमनी हे भरून पाठवलं:

```
Sr,Container No,Size,BE No,Gate Out,Empty Return,Days
1,ABCU1234560,40,1234567,10-Jun-25,13-Jun-25,4
2,ABCU0023455,40,1234567,11-Jun-25,13-Jun-25,3
3,ABCU3100787,20,1234570,12-Jun-25,PENDING,
```

आता आपली नोंद शेजारी ठेवून एकेक घर बघत जा. दोन नोंदींच्या तीन ओळी झाल्या, म्हणजे एका कंटेनरला एक ओळ. बीई नंबर दोन्ही ओळींत पुन्हा लिहिलाय, वरच्या ओळीत एकदा लिहून खाली मर्ज केलेला नाही. बहुधा त्यांना फिल्टर लावायचं असणार, कारण मर्ज केलेल्या सेलवर फिल्टर नीट चालत नाही. आपलं ‘2x40’ गेलं आणि प्रत्येक ओळीत नुसता ‘40’ आला. कंटेनर नंबरमधली जागा आणि आडवी रेघ काढून टाकली, सलग ११ अक्षरं राहिली: मालकाच्या कोडची तीन अक्षरं, मग U, सहा आकडी अनुक्रमांक आणि शेवटी एक तपासणी अंक. वेळ कुठेच नाही. परत न आलेल्या कंटेनरला PENDING, आणि त्याचे दिवस आजपर्यंत मोजलेले नाहीत, ते घर कोरं आहे.

आणि `Days` नावाचा कॉलम मागणीत नव्हताच! मॅडमना तो इतका गृहीत होता की सांगायचं सुचलंच नाही. नमुन्याची खरी कमाई हीच असते. प्रश्नांची यादी तुम्ही कितीही लांब केली असती तरी ‘दिवसांचा कॉलम हवा का’ हा प्रश्न त्यात आला नसता.

तारखेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे महिना अक्षरांत आहे म्हणून शंका नाही. नमुन्यात ‘10/06/25’ असं असतं, तर जूनची १० की ऑक्टोबरची ६, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही. १२ नंतरचा दिवस असलेली ओळ लागते, ‘13/06/25’ सारखी. महिना तेरावा नसतो, त्यामुळे कोणता आकडा दिवसाचा ते लगेच उघड होतं. नोंदी निवडतानाच अशी एक तारीख असेल असं बघा.

‘४’ आणि ‘३’ कुठून आले?

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवशिके हमखास इथेच फसतात. दिवस मोजायच्या तीन रीती संभवतात. एक, नुसती वजाबाकी: तेरा वजा दहा, तीन. दुसरी, निघाल्याचा आणि परतल्याचा दोन्ही दिवस धरून: चार. तिसरी, चोवीस तासांचे तुकडे मोजून, वरचा अर्धामुर्धा तुकडा पूर्ण धरायचा. पहिला कंटेनर १० तारखेला रात्री १० वाजून १० मिनिटांनी बाहेर पडला आणि १३ ला सकाळी साडेनऊला परत गेला. हे साधारण ५९ तास होतात, म्हणजे या रीतीनं तीन दिवस.

मॅडमनी ४ लिहिलंय. तिन्हींपैकी चार देणारी रीत एकच आहे, दोन्ही दिवस धरण्याची. प्रश्न मिटला.

आता समजा, त्यांनी फक्त दुसरी ओळ भरली असती. ११ ला सकाळी ११ ते १३ ला दुपारी ४, एकूण ५३ तास. वजाबाकीनं दोन, दोन्ही दिवस धरून तीन, चोवीस तासांच्या तुकड्यांनी पण तीन. नमुन्यातल्या ३ वरून शेवटच्या दोन रीतींपैकी कोणती, हे सांगता आलं नसतं. आपण एक धरून चाललो असतो, आणि ती चुकीची निघाली असती तर रात्री निघून दिवसा परतलेल्या प्रत्येक गाडीला एक दिवस चुकला असता. डिटेन्शनचे, म्हणजे रिकामा कंटेनर उशिरा परत केला की लागणाऱ्या आकाराचे, फ्री डेज किती उरले, हे पार्टी याच कॉलमवरून बघत असेल तर एक दिवस म्हणजे पैसे. म्हणून नमुन्यातल्या प्रत्येक हिशेबाच्या आकड्याला हा प्रश्न विचारा: हा आकडा दुसऱ्या रीतीनंही येऊ शकतो का? येत असेल, तर ज्या ओळीवर दोन रीतींची उत्तरं वेगळी पडतात, ती एक ओळ भरून मागा.

नमुन्यावर आपली रीत चालवून बघा

अख्ख्या महिन्याची फाइल करायला घेण्याआधी फक्त या तीन ओळी आपल्या फॉर्म्युल्यांनी तयार करा आणि नमुन्याशी ताडून पाहा. `Gate Out` E कॉलममध्ये आणि `Empty Return` F मध्ये असेल, तर बहुतेक जण पहिल्या झटक्यात हे लिहितात:

```
=F2-E2+1
```

रजिस्टरमधून उचललेल्या तारखेला वेळ चिकटलेली असते. एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवतं: १० जून २०२५ म्हणजे 45818, आणि रात्रीचे दहा वाजून दहा म्हणजे त्यापुढचा 0.92 च्या आसपासचा अपूर्णांक. सेलचा फॉरमॅट `dd-mmm-yy` ठेवला की वेळ दिसेनाशी होते, पण जात नाही. त्यामुळे वरच्या फॉर्म्युल्याचं पहिल्या ओळीचं उत्तर 3.47 येतं, आणि दशांश दाखवले नाहीत तर ते ३ दिसतं. नमुना सांगतो ४. दुसऱ्या ओळीचं उत्तर 3.21, दिसतं ३, नमुन्यातही ३. म्हणजे दुसरी ओळ बरोबर वाटते आणि पहिली ओळ चूक पकडून देते. वेळ आधी कापायला हवी, आणि PENDING असेल तर घर कोरं राहायला हवं:

```
=IF(ISNUMBER(F2),INT(F2)-INT(E2)+1,"")
```

बाकीच्या कॉलमसाठी नमुना `Sheet2` मध्ये ठेवा आणि एकेक घर ताडून घ्या:

```
=EXACT(B2,Sheet2!B2)
=LEN(B2)
=ISNUMBER(E2)
```

`EXACT` सेलची सजावट बघत नाही, आतला ऐवज बघतं. तारीख दिसायला सारखी असूनही `FALSE` आलं, तर दोन शक्यता: एकीकडे खरी तारीख आहे आणि दुसरीकडे मजकूर, किंवा आपल्या तारखेत वेळ अजून लपलेली आहे. `ISNUMBER` दोन्ही फाइलींवर चालवलं की कोणती शक्यता ते कळतं. कंटेनर नंबरचं `LEN` ११ च हवं. १२ आलं तर कुठेतरी जागा शिल्लक आहे, बहुतेक वेळा शेवटी.

नमुना सीएसव्ही असेल, तर तो आधी नोटपॅडमध्ये उघडा. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलात तर एक्सेल आपल्या मनानं बदल करतं: 004512 असा जॉब नंबर असेल तर 4512 होतो, तारखा तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे दिसायला लागतात, आणि मग तुम्ही मूळ नमुना बघतच नसता.

नमुन्यानंतर उरलेला प्रश्न

वरच्या तीन ओळी पुन्हा बघा. त्या गेट आउटच्या तारखेप्रमाणे लावल्या आहेत की बीई नंबरप्रमाणे? दोन्हींचा क्रम इथे एकच येतो. मूळ मागणीत ‘डेट वाइज’ होतं, म्हणून तारखेप्रमाणे धरायचा मोह होईल. तरी विचारा, कारण आता विचारायला एकच प्रश्न उरलाय आणि त्याचं उत्तर एका शब्दात येतं: ‘ओळी गेट आउटच्या तारखेनं लावू की बीई नंबरनं?’ बोललेलं आणि नमुन्यातलं यांत थेट विरोध दिसला तरी हेच करा. मनातल्या मनात एक बाजू निवडू नका. लोक बोलताना ढिले असतात, आणि नमुना भरताना कधीकधी घाईत असतात, त्यामुळे कोणतीही बाजू चुकीची असू शकते.

आणखी एक मर्यादा आहे. जी परिस्थिती नमुन्यात आलीच नाही, तिच्याबद्दल नमुना गप्प असतो. महिन्याच्या फाइलमध्ये एखादा कंटेनर निघेल, जो अजून गेटबाहेरच पडलेला नाही. त्याची ओळ द्यायची की नाही? अशी ओळ भेटली की तेवढीच पाठवा, तुमच्या अंदाजानं भरून, आणि म्हणा, ‘ही अशी ठेवलीय, चालेल ना?’

नमुना मिळालाच नाही तर

हे बरेचदा होतं. मॅडम मीटिंगमध्ये असतात, किंवा ‘तुम्हाला एवढंही कळत नाही का’ अशा सुरात उत्तर येतं. तेव्हा त्याच दोन नोंदींवर तुम्हीच दोन नमुने करा. पहिल्यात कंटेनरला एक ओळ, दुसऱ्यात बीईला एक ओळ आणि कंटेनर एकाच घरात स्वल्पविरामानं. बाकी सगळं दोन्हींत सारखं ठेवा, नाहीतर ‘पहिला’ म्हणजे त्यांना नक्की कशासाठी आवडला ते कळणार नाही. मेसेज एवढाच:

‘मॅडम, दोन प्रकारे करून बघितलंय, सोबत जोडलंय. अ की ब?’

याचं उत्तर लिफ्टमधून उतरतानाही देता येतं. आणि बऱ्याचदा ते ‘अ, पण दिवस पण टाका’ असं येतं. स्वतःहून वर्णन करायला कंटाळणारा माणूस समोर ठेवलेल्या गोष्टीतली चूक मात्र चटकन काढतो, त्याचा फायदा घ्या. नमुने तीन ओळींचेच ठेवा. दोनशे ओळींची पूर्ण फाइल करून ‘चालेल का’ विचारलंत, तर त्यांना वाटेल काम झालं, आणि ती न बघताच पुढे जाईल. चूक मग महिनाअखेरीला बिलं जुळवताना निघेल.

कधीकधी पार्टी दुसऱ्या ट्रान्सपोर्टरची जुनी फाइल ‘अशी करा’ म्हणून पाठवते. त्यातली कॉलमची रचना घ्या, मात्र त्यातले रेट आणि गाड्यांचे नंबर ऑफिसात कुणाला फॉरवर्ड करू नका. आणि उत्तरादाखल याच दोन नोंदी त्या रचनेत भरून परत पाठवा, ‘हे बरोबर आहे ना?’ म्हणून. त्या जुन्या फाइलमधल्या सगळ्या कॉलमची गरज आज असेलच असं नाही. दोन-चार कॉलम कुणीच बघत नसतं, ते असे गळतात.

मंजूर झालेला नमुना मेलच्या साखळीत हरवू देऊ नका. आपली नोंद एका शीटवर, त्यांचा नमुना दुसऱ्यावर, अशी फाइल पार्टीच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात महिना घाला, `sample_2025-06.xlsx` असं काहीतरी. पार्टीकडचा माणूस बदलला की नवा माणूस वेगळा फॉरमॅट मागतो. तेव्हा हीच फाइल त्याला पाठवून विचारायचं की यातलं काय बदलायचं, आणि बदललेल्या तीन ओळी पुन्हा त्याच्याकडूनच भरून घ्यायच्या.